एकाच धोतऱ्याचे तीन तोंडवळे

श्रोतेहो, नमस्कार. रब्बीत करडईच्या रानात आणि बांधाच्या कडेला पिवळा धोतरा उगवतो. कुणी त्याला बिलायत म्हणतं. मोबाइलवर फोटो काढून ओळखायला गेलं, की हे एकच झाड दर वेळी वेगळं नाव घेऊन समोर येतं.

उगवताना त्याला दोन बारीक, लांबट बीजपत्रं असतात, काटा एकही नसतो. मग दातेरी, काटेरी पानं येतात आणि चक्रासारखी जमिनीला चिकटून पसरतात. त्या वयात झाडाचं काम एकच असतं, ऊन घेऊन मुळात अन्न साठवायचं. म्हणून खोड वर येतच नाही. पण कोवळी करडईसुद्धा सुरुवातीला अशीच बसकी असते, आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. फोटो ओळखणाऱ्या ॲपला शिकवलेले बहुतेक फोटो फुलावरच्या झाडांचे असतात, त्यामुळे रोपाला ते जवळचं कुठलंही नाव देतं. आपण करडईची कोवळी पानं भाजीला खुडतो, म्हणून ही चूक महागात पडते. धोतरा विषारी आहे.

अशा वेळी पान मोडून पाहा. धोतऱ्याच्या मोडलेल्या देठातून लगेच पिवळा चीक येतो, करडईतून येत नाही. धोतऱ्याच्या पानाच्या शिरांवर पांढरट पट्टेही दिसतात. चिकाचा फोटो जवळून काढा. हात धुवेपर्यंत डोळ्याला लावू नका.

फुलावर आल्यावर ओळख सगळ्यात सोपी. खोड उंच होतं, वरची पानं देठाविना खोडाला बिलगतात, आणि बहुधा सहा पाकळ्यांचं पिवळंधमक, खसखशीच्या कुळातलं फूल येतं. पण पाकळ्या लवकर गळतात. मग काटेरी बोंड राहतं आणि फोटो पुन्हा फसवतो. नावातच धोतरा असल्यानं पांढऱ्या धोतऱ्याशी गल्लत होते. त्याचं बोंड गोल असतं आणि बिया चपट्या, भुऱ्या. पिवळ्याचं बोंड लांबट असतं, ते वरच्या टोकाला पाकळ्यांसारखं उघडतं आणि आतून काळ्या बारीक बिया सांडतात.

वाळलेल्या झाडात चीक उरत नाही, तेव्हा बोंडच पाहायचं. नुसतं बी हातात आलं, तर ते मोहरीसारखं दिसतं. मोहरीच्या तेलात या बियांची भेसळ झाल्यानं अंगावर सूज येणारा, हृदयावर ताण आणणारा आजार होतो. 1998 साली दिल्लीत त्याची मोठी साथ आली होती. बियांचा फोटो दुरून काढला तर दोन्ही काळे ठिपकेच दिसतात. म्हणून दहा-बारा बिया पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहा. धोतऱ्याच्या बीवर जाळीदार खाचा स्पष्ट दिसतात, मोहरीचा दाणा त्यामानानं गुळगुळीत असतो. खात्री पटली नाही तर ती मोहरी घाण्याला नेऊ नका.