टोले, लंबक आणि पेटी: जुन्या घड्याळाचं वय

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या लंबकाच्या घड्याळापाशी उभं राहिलं की पाहुणा हमखास विचारतो, "किती जुनं असेल हो?" आणि मालक हमखास एक शतक वाढवून सांगतो. मी ही घड्याळं उघडून बघणारा माणूस. आज एका घड्याळाची गोष्ट सांगतो, कारण पेटी, लंबक आणि टोले या तिघांची त्यात तीन तऱ्हेची साक्ष निघाली.

घड्याळ इंग्लंडमध्ये बनलेलं, माणसाहून उंच, ज्याला लाँगकेस म्हणतात त्या जातीचं. ओक लाकडाची अरुंद पेटी आणि मधल्या दारात गोल काच. मालकांचं म्हणणं, घड्याळ 1700 च्या सुमाराचं. त्यांचा आधार होता ती गोल काच, आणि तो आधार अगदीच पोकळ नव्हता. लंबकाचा गोल झुलताना दिसावा म्हणून अशी काच बसवण्याची रीत इंग्लंडमध्ये साधारण 1675 ते 1720 या काळात जोरात होती.

मी आधी लंबक पाहिला. मीटरभर लांब आणि एका झोक्याला बरोबर एक सेकंद. तेवढ्यासाठी लंबकाची, टांगलेल्या जागेपासून गोलाच्या साधारण मध्यापर्यंतची लांबी 99.4 सेंटीमीटर लागते, आणि ती सगळीकडे जवळपास तेवढीच लागते. लंबकाचं पहिलं घड्याळ डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने 1656 मध्ये जुळवलं, पण तो लंबक आखूड होता आणि पसरून झुलायचा. जहाजाच्या नांगराच्या आकाराचा तुकडा झोक्यागणिक चाकाचा एकेक दात सोडतो, ती अँकर पद्धत 1670 च्या आसपास आली, झोका लहान झाला आणि मगच हा लांब लंबक अरुंद पेटीत मावू लागला. म्हणजे लंबकाने एवढंच सांगितलं की घड्याळ 1670 च्या आधीचं नाही. तेवढ्यावर खूश होऊ नये. लंबक एका आकड्यावरून काढून दुसऱ्यावर टांगायला दोन मिनिटं लागतात. घड्याळाचा सगळ्यात सहज बदलला जाणारा भाग तोच.

आता टोले. हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. टोले मोजायच्या दोन पद्धती. जुनी पद्धत काउंटव्हीलची, कारागीर तिला लॉकिंग प्लेटही म्हणतात. एका चाकाच्या कडेला खाचा असतात आणि दोन खाचांमधलं अंतर वाढत जातं: एक टोला, दोन, तीन, असं बारापर्यंत. बारा तासांत अठ्ठ्याहत्तर टोले झाले की चाकाचा फेरा पूर्ण. गंमत अशी की काटे कुठे आहेत याची या चाकाला काही खबर नसते. मागच्या वेळी चार वाजवले, आता पाच, एवढंच त्याला ठाऊक.

दुसरी पद्धत रॅकची. 1676 मध्ये एडवर्ड बार्लो या इंग्रज पाद्र्याने ती आणली. तासकाट्याच्या चाकावर बारा पायऱ्यांची, गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली चकती असते. एक दातेरी पट्टी तिच्यावर पडते आणि जितकी खाली जाते तितके टोले. म्हणजे दर वेळी ती काट्याला विचारूनच वाजवते.

हा फरक डायल न काढता कानाने कळतो. समजा सव्वाचार वाजलेत. बाजूने हात घालून टोल्यांचा खटका हलकेच उचलून सोडा. पुन्हा चार वाजले तर रॅक. पाच वाजले तर काउंटव्हील, आणि मग खरे पाच वाजतील तेव्हा ते सहा वाजवेल. बिघडलं म्हणून घाबरू नका, तेच खटक्याने फिरवत फिरवत ताळ्यावर आणता येतं. मात्र तासाच्या आधी काही मिनिटं 'खट्' असा आवाज येतो, तेव्हा टोल्यांचं चक्र अर्धवट सुटून तयारीत उभं असतं. त्या वेळेत खटक्याला हात लावू नये.

घोटाळा कुठे होतो? काउंटव्हील जुनी पद्धत, म्हणून घड्याळ जुनं, असं लोक धरून चालतात. एकदा चावी दिली की आठ दिवस चालणाऱ्या लंडनच्या लाँगकेसमध्ये 1720 च्या सुमारास रॅक बहुतेक रुळली होती हे खरं. पण खेड्यांतल्या कारागिरांनी रोज साखळी ओढायच्या, तीस तास चालणाऱ्या घड्याळांत काउंटव्हील पुढे कित्येक दशकं चालवलं, आणि अमेरिकी कारखान्यांची भिंतीवरची स्वस्त घड्याळं तर एकोणिसाव्या शतकातही त्यावरच चालत होती. पद्धत कधी सुरू झाली यावरून 'याच्या आधीचं नाही' एवढंच म्हणता येतं. ती कधी संपली हे घड्याळागणिक वेगळं.

आमच्या घड्याळाने पुन्हा चारच वाजवले. रॅक. म्हणजे 1676 नंतरचं. मालकांचा 1700 चा दावा अजून शाबूत होता.

मग मी डायलभोवतीची पेटीची वरची टोपी पुढे सरकवून काढली. डायल पांढऱ्या रंगाची, रंगवलेल्या लोखंडी पत्र्याची, कोपऱ्यांत फुलांची छोटी नक्षी. इथे 1700 संपलं. इंग्लंडमध्ये अशा रंगीत डायली बर्मिंगहॅमच्या ऑस्बोर्न आणि विल्सन या जोडीने 1772 मध्ये जाहिरात देऊन विकायला काढल्या. त्याआधी पितळी डायलीच चालत. रंगीत डायल आणि यंत्र यांच्यामध्ये बऱ्याचदा ओतीव लोखंडाची एक चौकट असते आणि तिच्यावर डायल बनवणाऱ्याचं नाव उठलेलं असतं. बॅटरी तिरकी धरून पाहिलं तर नाव दिसलं: विल्सन, एकट्याचं. भागीदारी 1777 मध्ये मोडली आणि विल्सन 1809 मध्ये वारला. आकडे रोमन, बाहेर दर पाच मिनिटांना साधे आकडे. 1800 च्या सुमारास हे पाच-पाचचे आकडे जाऊन पंधरा, तीस, पंचेचाळीस, साठ एवढेच उरत गेले. तेव्हा यंत्र अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांतलं, असं मी ठरवलं.

मग पेटी? दार लावून मी खाली बसलो आणि गोल काचेतून पाहिलं. लंबकाचा गोल काचेत नव्हता. चार बोटं वर झुलत होता. ज्या काचेचं काम गोल दाखवायचं, तिच्यातून नुसती खालची दांडी दिसत होती. यंत्र ठेवायच्या फळीखाली दोन्ही बाजूंना वेगळ्या लाकडाचे ठोकळे होते. टोपीच्या आतली चौकट नव्याने कापून मोठी केलेली होती, आतल्या कडा बाहेरच्यांपेक्षा उजळ. आधीची डायल लहान असणार. मोठी डायल नीट बसावी म्हणून यंत्र उचललं गेलं आणि त्याबरोबर लंबकही.

भिंतीवरच्या कारखानी घड्याळांत इतकी शोधाशोध करावी लागत नाही. जर्मन यंत्राच्या मागच्या पत्र्यावर डी.आर.जी.एम. अशी अक्षरं असली तर ते 1891 नंतरचं, कारण ही अक्षरं ज्या जर्मन सरकारी नोंदणीची आहेत, ती नोंदणीच तेव्हा सुरू झाली. तेवढं पाहून पुढे जावं.

मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे पेटी जुनी आणि यंत्र नवं? मग पाटीवर साल कुठली लिहू?" मी म्हटलं, "दोन लिहा. पेटी 1700 च्या आसपास, यंत्र 1780 ते 1800. आणि पेटीच्या सालापुढे प्रश्नचिन्ह ठेवा, मी अजून तिची मागची फळी पाहिलेली नाही."