एका नावाखाली बावीस नग

बीजप्रक्रियेवर बोलायला आलो होतो, पण तुमच्या गटाची गोदामाची वही चाळली आणि विषय बदलला. वहीत आधी सहा ओळी होत्या. सचिवभाऊंनी वही सुटसुटीत करावी म्हणून त्यांची एक ओळ केली : ‘इमिडाक्लोप्रिड, २२ नग.’ मी विचारलं, तर मागून आवाज आला, ‘सारं इमिडाच तं हाय ना जी!’

औषध एकच, हे खरं. पण बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. चार बाटल्या १७.८ टक्के एसएल, म्हणजे कपाशीच्या तुडतुड्यांवर फवारायच्या. सहा बाटल्या ‘२०० एसएल’. नाव वेगळं दिसतं, पण माल तोच : १७.८ टक्के हे वजनाचं प्रमाण आहे आणि २०० म्हणजे लिटरमागे २०० ग्रॅम औषध. तसंच ‘४८ टक्के एफएस’ पाच आणि ‘६०० एफएस’ तीन. दोन्ही बियाण्याला चोळायचे, लिटरमागे ६०० ग्रॅमचे. एका दुकानदारानं बिलावर टक्के लिहिले, दुसऱ्यानं ग्रॅम. शिवाय ७० टक्के डब्ल्यूजीच्या दाणेदार पुड्या तीन.

म्हणजे वेगळी दिसणारी नावं एक निघाली आणि एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू निघाल्या. एफएसची बाटली फवाऱ्यात गेली, तर एसएलच्या मापानं तिप्पट औषध पडेल, आणि ती फवारणीसाठी बनवलेलीही नाही.

ओळी एकत्र करायच्या की नाही, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो : मागणाऱ्याच्या हातात यातली कुठलीही बाटली दिली, तर चालेल का? एफएसच्या आठ बाटल्यांची बॅच आणि मुदत एकच होती, म्हणून चालेल. दोन ओळींची एक करा. एसएलच्या दहांचं तसं नाही. चारांची मुदत याच नोव्हेंबरला संपते, सहांची पुढच्या वर्षी. खरेदी ठरवताना ‘एसएल, दहा’ पुरेसं आहे. पण आधी कुठली वापरायची, हे वहीतून कळायला हवं, म्हणून तिथे दोन ओळी राहतील. वर ‘इमिडाक्लोप्रिड’ हे शीर्षक एकदाच लिहा. खाली प्रकार, माप, मुदत आणि नग लिहा. सहाच्या सहा जुन्या नोंदी कुठे बसल्या, त्यावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आम्ही तसं बोट ठेवत गेलो. चार, सहा, पाच, तीन, तीन : एकवीस झाले. वहीत बावीस. सहावी ओळ होती ‘लाल बाटली, १’. फोडलेली, लेबल सुटलेलं. बियाण्याच्या औषधात रंग घालतात, म्हणून ती एफएसच असावी असं सगळ्यांनाच वाटलं, मलाही. पण लेबल नाही, मुदत माहीत नाही. तिला कोणत्याच शीर्षकाखाली घातलं नाही. ‘ओळख नाही, देऊ नये’ असं लिहून तिची वेगळी ओळ ठेवली आणि बाटली कुलपात टाकली.