खडक संपला, पण अंदाज?

मागच्या वेळी आपण सीपीआय, म्हणजे झालेलं काम भागिले झालेला खर्च, आणि एसपीआय, म्हणजे झालेलं काम भागिले ठरलेलं काम, इथपर्यंत आलो होतो. आज एकच प्रश्न घेतो: काम संपेल तेव्हा एकूण खर्च किती झालेला असेल? म्हणजे ईएसी, एस्टिमेट ॲट कम्प्लीशन. याची तीन सूत्रं बहुतेकांना पाठ असतात, ती एकदा फळ्यावर लिहून टाकतो. BAC म्हणजे मंजूर बजेट, EV म्हणजे अर्जित मूल्य, झालेल्या कामाची बजेटप्रमाणे किंमत, आणि AC म्हणजे त्यावर झालेला खर्च.

```
EAC = BAC / CPI
EAC = AC + (BAC - EV)
EAC = AC + (BAC - EV) / (CPI × SPI)
```

आता एक काम घेऊ. दहा किलोमीटरची पाण्याची पाइपलाइन आणि तिच्या टोकाला पंपघर. मंजूर बजेट १००० लाख. आजच्या तारखेला ४५० लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालंय ४०० लाखांचं, आणि त्यावर खर्च झालाय ५०० लाख. म्हणजे सीपीआय ०.८, एसपीआय साधारण ०.८९.

पहिलं सूत्र सांगतं १२५०. दुसरं ११००. तिसरं १३४४. एकाच कामाचे, एकाच दिवसाचे तीन आकडे, आणि त्यांच्यात जवळपास अडीचशे लाखांचा फरक. बैठकीत कोणता आकडा मांडला जातो, तुम्हाला ठाऊक आहे. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो, "खोदाईत खडक लागला, म्हणून खर्च वाढला. खडक आता संपला. मागचं पुढे चालणार नाही, म्हणून दुसरं सूत्र." आणि ११०० वर शिक्का बसतो.

त्याचं पहिलं वाक्य कदाचित शंभर टक्के खरं असेल. गडबड "म्हणून" या शब्दात आहे. दुसरं सूत्र काय म्हणतं ते नीट वाचा: उरलेलं ६०० लाखांचं काम बरोबर ६०० लाखांतच होईल. मागची घसरण पुढे चालणार नाही, हे एक विधान झालं. पुढचं सगळं काम बजेटच्या दरानेच होईल, हे दुसरं. पहिल्याला पुरावा दिला म्हणून दुसरं सिद्ध होत नाही. आणि ज्या बजेटमध्ये खडकच धरला नव्हता, त्या बजेटच्या बाकीच्या ओळी अचूक कशावरून?

मग करायचं काय? एकूण सीपीआय फोडायचा. त्याच्या पोटात काय दडलंय ते बघायचं.

पाइपच्या कामाचं बजेट ५०० लाख, म्हणजे किलोमीटरला ५०. सहा किलोमीटर झालं, म्हणून अर्जित मूल्य ३००, खर्च ३८५. पंपघराच्या बांधकामाचं बजेट २००, त्यातलं १०० चं झालं, खर्च ११५. पंप आणि विजेची कामं ३०० लाखांची, ती सुरूच झालेली नाहीत.

इथेच थांबून एक गोष्ट बघा. उरलेल्या ६०० पैकी निम्मं काम या तिसऱ्या गटातलं आहे, आणि आपला ०.८ त्याच्याबद्दल एक अक्षरही बोलत नाही. माती खोदणाऱ्या टोळीच्या खर्चावरून पंपाची किंमत काढायची? पहिलं सूत्र नेमकं तेच करतं. पंपांची ऑर्डर ठोक किमतीला दिलेली आहे, ३२० लाखांना. मग तिथे सूत्र कशाला हवं? ३२० लिहा.

आता पाइप. जादा झालेल्या ८५ पैकी ६० खडकाचे: भाड्याचे ब्रेकर, जादा दिवस, सव्वा किलोमीटरला थोड्या कमी अशा १.२ किलोमीटरच्या पट्ट्यात. हे आकडे साइटच्या डायरीतून आणि भाड्याच्या बिलांतून जुळवलेले असले पाहिजेत, आठवणीतून नव्हे. खडक वगळला तर ३०० च्या कामाला ३२५ लागले, सीपीआय ०.९२. म्हणजे खडक नसतानाही टोळी अंदाजापेक्षा महागच पडत होती. खडकाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, इतकंच. टोळी तीच, पद्धत तीच, त्यामुळे हा दर पुढे चालणार असं धरायचं. उरलेल्या २०० ला साधारण २१७.

आणि "खडक संपला" हे कुणी पाहिलं? उरलेल्या चार किलोमीटरवर चाचणीखड्डे घ्यायला लावले. अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्यात पुन्हा खडक निघाला. आधीच्या अनुभवाने जादा खर्च किलोमीटरला ५० लाख, म्हणून आणखी २५. पाइपचं उरलेलं काम झालं २४२.

पंपघरात जादा १५ गेले ते सळईचा भाव चढल्यामुळे. भाव उतरलेला नाही, पण पाया झाल्यामुळे सळईचा मोठा वाटा वापरून झालाय. उरलेल्या १०० च्या कामातली सळई आजच्या भावाने मोजली, आकडा आला १०८.

२४२, १०८ आणि ३२०, मिळून ६७०. झालेला खर्च ५००. ईएसी ११७०. तिन्ही सूत्रांपैकी एकानेही हा आकडा दिला नव्हता.

एक चूक मी वारंवार पाहिली आहे. खडकाचे ६० "अपवादात्मक" म्हणून दरातून वगळतात ते ठीक, पण उत्साहाच्या भरात झालेल्या खर्चातूनही वजा करतात, आणि ११७० चे १११० होतात. पैसे गेलेत, ते वह्यांत राहणारच. खडकाबद्दल दावा लावलेला असेल तरी तो मंजूर होईपर्यंत अंदाजात धरायचा नाही.

आता मी स्वतःच मांडलेल्या ११७० वर शंका घ्यायला हवी. त्यासाठी टीसीपीआय बघा: उरलेलं काम भागिले उरलेला पैसा. मूळ बजेटात बसायचं तर ६०० भागिले ५००, म्हणजे १.२, आजवर ०.८ ने चाललेल्या कामाकडून ही अपेक्षा कुणी ठेवू नये. ११०० साठी तो बरोबर १ येतो. ११७० साठी ६०० भागिले ६७०, म्हणजे ०.९ च्या जवळ. खडक वगळून आजवरचा एकूण सीपीआय ४०० भागिले ४४०, म्हणजे ०.९१. अंदाज आधीच्या कामगिरीच्या किंचित खाली आहे. पटण्यासारखं.

तरी कुणीतरी विचारेल, "पहिल्या सूत्राचे १२५० का नकोत?", आणि विचारावंच. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राटांवर क्रिस्टनसेन यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: काम २० टक्के झाल्यावर एकत्रित सीपीआय फारसा हलत नाही, १० टक्क्यांच्या आतच राहतो. आपलं काम तर ४० टक्के झालंय! हा निष्कर्ष त्या कंत्राटांचा आहे, प्रत्येक प्रकल्पाला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलंय. पण मी त्यातून एक शिस्त उचलतो. पहिल्या सूत्राच्या खालचा आकडा मांडणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी. माझा ११७० हा १२५० पेक्षा ८० ने कमी आहे, तर त्या ८० चा हिशेब मला चाचणीखड्डे, ऑर्डरची किंमत आणि सळईची मोजणी यांनी देता आला पाहिजे. "आता सगळं सुरळीत होईल" हा पुरावा नव्हे.

आणखी एक साधी वही ठेवा. दर महिन्याला "एकदाच घडलं" म्हणून जे वगळलं, ते तिच्यात लिहायचं, रकमेसह. एका महिन्यात खडक, दुसऱ्यात पाऊस, तिसऱ्यात मजूर गेले. प्रत्येक कारण खरं आणि प्रत्येक वेगळं, पण रक्कम दरमहा तेवढीच. तसं दिसलं की त्याला अपवाद म्हणायचं सोडा आणि पहिल्या सूत्राकडे परत या.

आपल्या पाइपलाइनचंही तेच. पुढच्या महिन्यात बिनखडकाच्या पट्ट्यात पाइपचा त्या महिन्यापुरता सीपीआय ०.९२ च्या आसपास यायला हवा. तो ०.८ च आला, तर ते ६० लाख मी खडकाच्या नावावर चुकीचे टाकले होते, आणि ११७० मला मागे घ्यावा लागेल.