बारा चिठ्ठ्या आणि एक वही

बार्शीतलं एक घर. बारावी सायन्सचा निकाल लागून आठवडा झालाय. पुढे काय करायचं ते ठरवायला टेबलावर कोरी वही आहे, तिच्यात तीन रकाने आखलेत: आवड, जमतं ते आणि हवं ते.

आवडीच्या रकान्यात मुलीनं पहिला शब्द लिहिला, 'बायोलॉजी'. शेजारी बसलेल्या समुपदेशक ताईंनी तो खोडला. बायोलॉजी हा विषय झाला, शिवाय त्यात मार्क चांगले पडले म्हणून तो आवडता वाटतो. "गेल्या महिन्यात कुणी न सांगता काय केलंस? वेळ कशात गेला?" ती थांबली. मग लिहिलं: आईच्या बचत गटाची वही जुळवली, मावशीला कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब समजावून सांगितला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी माणसांच्या कामाच्या आवडी सहा गटांत मांडल्या. आकडे आणि नोंदी नीट लावायची ओढ हा त्यातला एक गट, माणसांना शिकवणं-समजावणं हा दुसरा. हिच्या वहीत दोन्ही दिसतात. पण ओढ असली म्हणजे ते जमतंच असं नाही, म्हणून दुसरा रकाना. इथे प्रत्येक ओळीला पुरावा लागतो. 'मी मेहनती आहे' चालत नाही. 'गटाच्या वहीत १४० रुपयांचा फरक होता, मी दोन तासांत शोधला' हे चालतं.

तिसऱ्या रकान्यात मुलं हमखास फसतात. सगळेच 'समाजसेवा' लिहितात, ऐकायला बरं वाटतं म्हणून. त्यावर उपाय चिठ्ठ्यांचा. पैसा, मान, रोज घरी परतणं, लवकर कमाई, अशा बारा चिठ्ठ्या. एकेक टाकून द्यायची, तीन उरेपर्यंत. 'मान' टाकताना तिचा हात बराच वेळ अडला. उरल्या त्या: रोज घरी परतणं, लवकर कमाई, माणसांशी बोलणं.

घरच्यांच्या मनात नर्सिंग होतं. रात्रपाळी पहिल्याच चिठ्ठीवर अडली आणि ते मागे पडलं. यादीत तीन वाटा आल्या: बी.कॉम. करत कर सल्लागाराकडे काम, बचत गटांच्या ग्रामसंघाचं हिशेबाचं काम, आणि लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. नोंदींची काटेकोरी तिथे लागते, पण बोलणं किती होतं ते तिला ठाऊक नाही. मुद्दाम ठेवलंय. तिन्ही वाटा हिशेबाच्याच असत्या, तर निवडायला उरलं काय असतं?

फी, जागा, पगार यातलं काहीच ही वही सांगत नाही. ते विचारायला जावं लागतं, आणि जायचा दिवसही नीट निवडावा लागतो. जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायची मुदत साधारण २० तारखेची. म्हणून कामाची खरी घाई बघायला कर सल्लागाराकडे ती १९ तारखेला गेली.

दुपारचे चार. फोन थांबत नाहीत, एका दुकानदाराची बिलं अजून यायचीत. कोपऱ्यात खुर्ची ओढून ती बसलीय, आणि समोरच्या गठ्ठ्यातली बिलं तारखेप्रमाणे लावायला तिनं न विचारताच सुरुवात केलीय.