चाळीस-चाळीस नंतर काय?

(एका वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘ड्यूस आणि अ‍ॅडव्हान्टेज’. पण माझ्या डोक्यात हा विषय ज्या दिवशी शिरला, त्या दिवसापासूनच सुरुवात करतो.

जुलै १९९५. विम्बल्डनची महिला एकेरीची फायनल, स्टेफी ग्राफ आणि अरांचा सांचेझ व्हिकारिओ. आमच्याकडे आत्या राहायला आली होती. टेनिसशी तिचा काडीचा संबंध नाही, पण घरातले सगळे टीव्हीसमोर बसलेत म्हणून तीही बसली, हातात निवडायची मेथी घेऊन. पहिला सेट अरांचाचा, दुसरा स्टेफीचा, तिसऱ्यात पाच-पाच गेम. सर्व्हिस अरांचाची. आणि स्कोअर झाला चाळीस-चाळीस, म्हणजे दोघींचे तीन-तीन पॉइंट.

आत्या म्हणाली, “आता जो जिंकेल त्याचे एकेचाळीस का?”

मी म्हटलं, “नाही आत्या, याला ड्यूस म्हणतात. आता सलग दोन पॉइंट घ्यायचे. पहिला घेतला की अ‍ॅडव्हान्टेज, दुसरा घेतला की गेम.”

“आणि पहिला घेऊन दुसरा घालवला तर?”

“तर पुन्हा ड्यूस.”

आत्यानं मेथी खाली ठेवली. म्हणाली, “म्हणजे मिळालेला पॉइंट परत काढून घेतात?”

या प्रश्नासाठीच मी आज इथे उभा आहे. नव्या प्रेक्षकाला नेमकं हेच खटकतं आणि त्याचं खटकणं रास्त आहे. कारण आपण त्याला आकडे सांगतो, अंतर सांगत नाही. पॉइंट कोणी काढून घेत नाही. गेम जिंकायला किमान चार पॉइंट आणि दोनची आघाडी लागते. ड्यूस म्हणजे आघाडी शून्य, अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे आघाडी एकची. आघाडी घेतलेल्यानं पुढचा पॉइंट घालवला की आघाडी पुन्हा शून्य. हा शब्दही फ्रेंच ‘दोन’वरून आलाय: जिंकायला अजून दोन हवेत. आता सांगा, तीस-तीस, म्हणजे दोघांचे दोन-दोन पॉइंट, हे काय? तिथूनही दोघांना सलग दोनच हवेत. म्हणजे नाव वेगळं असलं तरी तो ड्यूसच! (मागच्या रांगेतल्या काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं, म्हणजे पोचलं.)

तर तो गेम. ड्यूस, अ‍ॅडव्हान्टेज अरांचा, ड्यूस, अ‍ॅडव्हान्टेज ग्राफ, पुन्हा ड्यूस. अंपायर अ‍ॅडव्हान्टेजला खेळाडूचं नाव घेतो, त्यामुळे आत्याला कळू लागलं की पारडं कोणाकडे झुकलंय. मग तिनंच एक गोष्ट टिपली. “अरे, ड्यूस असला की ती उजवीकडून मारते, नाव घेतलं की डावीकडून.” अगदी बरोबर! गेमचा पहिला पॉइंट नेहमी उजव्या बाजूनं सर्व्ह होतो, मग बाजू आलटून पालटून. ड्यूसला खेळून झालेल्या पॉइंटांची संख्या कायम सम, म्हणून सर्व्हिस उजवीकडून. अ‍ॅडव्हान्टेजला विषम, म्हणून डावीकडून. खेळाडू त्या बाजूंना म्हणतातच ड्यूस कोर्ट आणि अ‍ॅड कोर्ट. डावखुऱ्यांचं इथे फावतं: अ‍ॅड कोर्टात त्यांची वळणारी सर्व्हिस उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडकडून बाहेर पळते, आणि अ‍ॅडव्हान्टेजचा प्रत्येक पॉइंट तिथेच खेळावा लागतो.

तेरा वेळा ड्यूस झाला, मंडळी! एकच गेम वीस मिनिटं चालला. समोरचीच्या सर्व्हिसवर गेम जिंकायची संधी म्हणजे ब्रेक पॉइंट; स्टेफीला अशा सहाव्या संधीला तो गेम मिळाला, मग तिनं आपली सर्व्हिस राखली आणि सेट सात-पाचनं घेतला. मेथी तशीच पडलेली.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मग हिशेब भराभर सांगतो. पहिला ड्यूस सहा पॉइंटांनंतर येतो. पुढचा प्रत्येक ड्यूस दोन पॉइंट वाढवतो आणि शेवटचे दोन गेम संपवतात. तेरा ड्यूस म्हणजे सहा, अधिक चोवीस, अधिक दोन: बत्तीस पॉइंट.

आणि दोनचीच आघाडी का? समजा, तुम्ही शंभरातले साठ पॉइंट जिंकता. ड्यूसला एकाच पॉइंटवर निकाल लावला तर गेम मिळण्याची शक्यता साठ टक्के. दोनची अट ठेवली तर सलग दोन तुमचे, छत्तीस टक्के. सलग दोन समोरच्याचे, सोळा टक्के. बाकी वेळी पुन्हा ड्यूस आणि तोच खेळ. छत्तीसाला सोळा, म्हणजे तुमची शक्यता एकोणसत्तर टक्क्यांवर जाते. अट सरसपणाला वजन देते, म्हणून ती मला प्रिय आहे.

पुरुषांच्या व्यावसायिक एटीपी स्पर्धांच्या दुहेरीत मात्र वेळ वाचवायला ही अट काढलीय. चाळीस-चाळीसला एकच पॉइंट, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते समोरची जोडी ठरवते. त्या नियमानं अरांचा-स्टेफीचा तो गेम सातव्या पॉइंटलाच संपला असता.