चुलीतला च आणि इंग्रजी 'टेन'

नमस्कार, श्रोतेहो. आज इंग्रजीतले ट आणि ड म्हणून पाहू. हातात काम असलं तरी चालेल, फक्त जीभ मोकळी असू द्या.

'ताट' म्हणून पाहा. त म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना लागलं आणि ट म्हणताना ते मागे वळून टाळूला टेकलं. इंग्रजीचा ट-ड या दोन जागांच्या मधला. वरच्या दातांमागे हिरडीचा उंचवटा लागतो ना, तिथला. आपण तो ट-डनेच लिहितो, म्हणून जीभही सवयीने मागे वळते आणि उच्चार जड होतो. गंमत म्हणजे 'तिकीट' या शब्दात एकाच इंग्रजी ध्वनीचा आपण आधी त केला आणि शेवटी ट!

ही मधली जागा मराठी जिभेला नवी नाही. 'चूल' म्हणा. चहातला च नव्हे, चुलीतला. आता शब्द सुरू करा, पण जीभ टेकल्याबरोबर थांबा. टोक हिरडीवरच आहे. तिथून 'स्स' असं काही न घासता जीभ पटकन सोडा. झाला इंग्रजी ट. ड साठी 'जाळं' मधला ज असाच अडवून सोडायचा. मात्र काहींची जीभ या ज ला टेकतच नाही, नुसती घासते. त्यांनी 'नाक' मधल्या न ची जागा धरावी.

न ची युक्ती मला जास्त आवडते, कारण तिच्यात चूक लगेच सापडते. दहाला इंग्रजीत 'टेन' म्हणतात. आपण म्हणतो तेव्हा जीभ ट साठी मागे जाते आणि न साठी पुढे येते. इंग्रजीत दोन्ही एकाच जागी. म्हणून आधी नुसता 'न्' धरून ठेवा, टोक कुठे आहे ते लक्षात घ्या आणि तिथूनच 'टेन' सुरू करा. शेवटच्या न ला जीभ पुढे सरकली, तर ट अजून मागेच आहे. 'तेन' ऐकू आलं, तर जीभ दातांवर गेली. किंचित मागे घ्या.

तोंडासमोर तळहात धरा. 'टेन' च्या सुरुवातीला हवेचा हलका झोत लागायला हवा. तो नसेल तर इंग्रज कानाला 'डेन' ऐकू येऊ शकतं. पण झोत हवा म्हणून ठ करू नका. आणि 'स्टॉप' सारख्या शब्दात स नंतर तो झोत नसतोच.

सगळ्यात चिवट सवय जोडाक्षरांतली. 'अंडं' म्हणताना अनुस्वाराचा आपसूक ण होतो, कारण पुढचा ड त्याला मागे ओढतो. तोच ण 'अंडर' मध्ये आणि 'विंटर' मध्येही शिरतो. तिथे 'नाक' या शब्दातला न ठेवा आणि जीभ न उचलता त्याच जागेवरून ड किंवा ट सोडा. एकदा अंडं, एकदा अंडर, असं आलटून पालटून म्हणा. अंड्याला जीभ वळू द्या, अंडरला नको.