‘मुरगळला’ असं कुणी पाहिलं?

(कुपवाड एमआयडीसीतल्या प्रथमोपचार पेट्या सांभाळणाऱ्या कामगारांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

माझ्या नोंदवहीतल्या एका चुकीपासून सुरुवात करते. तेव्हा मी सांगलीतल्या एका हळदीच्या गोदामात प्रथमोपचाराची पेटी सांभाळायची. दुपारी ट्रकमधून पोती उतरवताना एक हमाल सहकाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून माझ्याकडे आला. फळीवरून उतरताना पाय आत वळला म्हणाला. मी पाय बघितला, सूज बघितली आणि वहीत लिहून टाकलं, ‘उजवा घोटा मुरगळला. किरकोळ. मलम लावले.’ एका ओळीत काम संपलं.

संध्याकाळी पाळी बदलली. पुढच्या पाळीच्या माणसानं वही वाचली. मुरगळलाय म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानं तेल कोमट केलं आणि चांगला रगडून दिला. तिसऱ्या दिवशीही पाय टेकवेना, तेव्हा तो हमाल दवाखान्यात गेला. एक्स-रे निघाला. घोटा ठणठणीत होता. करंगळीच्या मागचं जे लांब हाड असतं, त्याचं पायाच्या बाहेरच्या कडेला येणारं टोक तुटलं होतं. पाय आत वळला की हे हाड तिथं तुटू शकतं, आणि पुष्कळदा त्याला घोट्याचं मुरगळणं समजलं जातं. हे मला नंतर कळलं.

आता त्या तेल लावणाऱ्याचं काय चुकलं? त्यानं माझ्या वहीवर विश्वास ठेवला. मी ‘मुरगळला’ लिहिलं, म्हणजे हाड शाबूत आहे हे मीच ठरवून टाकलं होतं. आणि ‘घोटा’ लिहून जागाही चुकीची सांगितली.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. दुखापतीचा कुठलाही शब्द कानावर आला की विचारते, हे डोळ्यांना दिसलं का? आपली भाषा यात फार श्रीमंत आहे. खरचटलं, सोललं, टेंगूळ आलं, काळंनिळं पडलं, फोड आला, रक्त ठिबकतंय. हे सगळं दिसतं. बिनधास्त लिहा. पण मुरगळला, लचकला, उसण भरली, हाड सरकलं, शीर चढली, हे कातडीच्या आतलं झालं. तिथं तुमची-माझी नजर पोचत नाही. सगळ्यात फसवा शब्द ‘मुका मार’. ऐकायला कसा साधा वाटतो! पण बाहेर काही दिसत नाही एवढंच आपल्याला माहीत असतं, आत काय झालंय ते नाही. पोटाला पोत्याचा मार बसला आणि वर ओरखडाही नाही, तर ‘पोटावर जखम, सूज, वळ दिसत नाही, बेंबीच्या डाव्या बाजूला दुखते म्हणतो’ असं लिहा. ते वाचून डॉक्टर शोधतील. ‘मुका मार’ वाचून कुणी काही शोधत नाही.

बरं, दिसणाऱ्या शब्दांतही एक खड्डा आहे. डोक्याला खोक पडते, तिची गोष्ट. डोक्यावर कातडीच्या लगेच खाली हाड असतं. त्यामुळे बोथट वस्तूचा मार बसला तरी कातडी फाटताना सरळ रेषेत फाटते आणि जखम पात्यानं कापल्यासारखी दिसते. भुवईवर आणि नडगीवरही तसंच. तुम्ही ‘धारदार पत्र्याने कापले’ लिहिलंत आणि प्रत्यक्षात तो खांबावर आपटला असेल, तर चौकशी भलतीकडेच जाईल. म्हणून ‘डाव्या भुवईच्या वर उघडी जखम, आडवी, ३ सेंमी’ एवढं लिहायचं. कशानं झाली ते तो सांगेल तसं, त्याच्या नावावर.

सेंटिमीटरचं म्हणाल तर पेटीत एक पट्टी टाकून ठेवा. ‘लिंबाएवढं टेंगूळ’, ‘बेदाण्याएवढा फोड’ असं आपण सहज लिहितो, पण लिंबं सगळी सारखी नसतात आणि रुपयाची नाणी तरी कुठं एका मापाची आहेत? फक्त पट्टी जखमेला टेकवू नका, शेजारी धरा.

आता माझी ती नोंद कशी हवी होती, ते वाचून दाखवते.

‘दुपारी २.४०. सहकाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून आला, उजवा पाय टेकवत नव्हता. म्हणतो, “अडीचच्या सुमाराला फळीवरून उतरताना पाय आत वळला, कट्ट असा आवाज आला.” उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मधोमध सूज, लांबी सुमारे ४ सेंमी. डाव्या पायावर तशी नाही. कातडी फाटलेली नाही. सुजेवर हलकं बोट ठेवल्यावर दुखते म्हणतो, घोट्याच्या दोन्ही बाजूंना दुखत नाही म्हणतो. बोटे हलवतो, बोटांना स्पर्श कळतो म्हणतो. चालवून पाहिले नाही. पाय उंच ठेवला, कापडात गुंडाळलेला बर्फ २.४५ ते ३.००. ३.१० ला रिक्षाने दवाखान्यात पाठवला.’

यात आजाराचं एकही नाव नाही. तरी डॉक्टरांनी हे वाचलं असतं, तर एक्स-रे कुठला काढायचा ते त्यांना लगेच कळलं असतं. ‘दुखते’ आणि ‘दुखते म्हणतो’ यांतला फरकही बघा. सूज माझी, दुखणं त्याचं. आणि ‘चालवून पाहिले नाही’ हेही लिहायचं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं चालत असेल.

इथं कुणीतरी हमखास विचारतं, मग पाय मधेच वाकडा दिसत असला तरी फ्रॅक्चर म्हणायचं नाही का? वागताना खुशाल फ्रॅक्चर समजून वागा. हलवू नका, आधार द्या, गाडी बोलवा, फोनवर ‘मोडल्यासारखा वाटतोय’ म्हणा. वहीत मात्र ‘नडगी मध्यभागी वाकडी दिसते, हाड मोडले असेल असे धरून हलवले नाही’ असं. संशय हे तुमच्या कृतीचं कारण म्हणून येऊ दे, निदान म्हणून नको. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ४५ प्रमाणे दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी लागायची आणि ती सांभाळणाऱ्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागायचं. ते प्रमाणपत्र उपचाराचं आहे, निदानाचं नाही.

‘दारू पिऊन पडला’ हे तर कधीच नको. तोंडाला वास आला तर वास आला लिहा. बोलणं अडखळतंय, घाम आलाय, विचारल्यावर नाव सांगतो पण वार सांगत नाही, हे लिहा. साखर उतरलेला माणूसही असाच दिसतो, आणि डोक्याला मार लागलेलाही.

त्या हमालाचा एक्स-रे आला तेव्हा माझा हात शिवशिवला होता. ‘मुरगळला’ खोडून वर ‘फ्रॅक्चर’ लिहावं, कुणाला कळणार होतं? पण तेही माझं निदान झालं असतं, शिवाय वहीत खाडाखोड. जुनी ओळ तशीच ठेवली. एक्स-रे आला त्या दिवसाच्या तारखेला नवी ओळ घातली, ‘दवाखान्याच्या कागदावर उजव्या पायाच्या पाचव्या लांब हाडाचे फ्रॅक्चर असे लिहिले आहे. कागद पाहिला.’ खाली वेळ आणि सही.